रोबोटचा हात मोजत नाही, फोटो जुळवतो!



दुकानात मिठाईच्या बॉक्सवर स्टिकर लावणाऱ्या मुलाकडे कधी नीट बघितलंय? तो पट्टी घेऊन बसत नाही. बघतो, हात थोडा सरकवतो, परत बघतो, अजून थोडा सरकवतो आणि बरोबर बसलं की दाबतो. रोबोटच्या हातालाही हेच शिकवता येतं. त्याला म्हणतात व्हिज्युअल सर्वोइंग. पॅकिंगसाठी छोटा रोबोट घ्यायचा विचार असेल, तर ही गोष्ट समजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आधी साधी पद्धत बघू. कॅमेरा एक फोटो काढतो, बॉक्स किती मिलिमीटरवर आहे याचा हिशोब करतो आणि हात डोळे मिटून तिथे जातो. समजा फोटो 640 बाय 480 पिक्सेलचा आहे. बॉक्सचा मध्य फोटोच्या मध्यावर, म्हणजे 320, 240 वर यायला हवा, पण तो दिसतोय 400, 210 वर. म्हणजे चूक 80 पिक्सेल उजवीकडे आणि 30 पिक्सेल वर. बॉक्स कॅमेऱ्यापासून 30 सेंटिमीटरवर आहे आणि लेन्स अशी आहे की त्या अंतरावर एक पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटर. मग हात 40 मिलिमीटर उजवीकडे आणि 15 मिलिमीटर वरच्या बाजूला गेला की काम झालं.

पण आज बॉक्स 5 सेंटिमीटर जास्त उंच आला तर? तो कॅमेऱ्याच्या जवळ आला, आता एक पिक्सेल साधारण 0.42 मिलिमीटरचा झाला. खरं जायचं होतं 33 मिलिमीटर, हात गेला 40. स्टिकर 7 मिलिमीटर वाकडा. आणि हाताला ते कळलंसुद्धा नाही!

व्हिज्युअल सर्वोइंगमध्ये कॅमेरा बऱ्याचदा हाताबरोबरच फिरतो. हात एका झटक्यात 40 मिलिमीटर जात नाही. चुकीचा फक्त पाचवा हिस्सा भरून काढतो, नवा फोटो घेतो, उरलेल्या चुकीचा परत पाचवा हिस्सा. 80 चे 64, मग 51, मग 41... वीस फोटोंनंतर चूक एका पिक्सेलच्या आत येते. सेकंदाला दहा फोटो धरले तर दोन सेकंदांत काम. त्या उंच बॉक्सचं काय होतं? प्रत्येक वेळी 20 ऐवजी 24 टक्के चूक कमी होते, एवढंच. हात शेवटी पोचतो त्याच जागी. अंतराचा अंदाज चुकला तर वेग बदलतो, शेवटची जागा बदलत नाही. या पद्धतीची खरी कमाई ही आहे.

आता ती कुठे फसते ते बघा.

पहिलं, घाई. पाचव्या हिश्श्याऐवजी 80 टक्के चूक एकदम भरायला सांगितली आणि फोटोचा हिशोब दोन फोटो उशिरा येत असला, तर हात जुन्या चुकीवर पळतो. पुढे जातो, मागे येतो आणि झोका वाढतच जातो. हात थरथरताना दिसला की आधी हा आकडा कमी करा.

दुसरं, उलटा बॉक्स. बॉक्सचे चार कोपरे धरून हात वळवायचाही असतो. बॉक्स बरोबर 180 अंशांत फिरलेला असेल, तर प्रत्येक कोपऱ्याला फोटोत सरळ रेषेत समोरच्या कोपऱ्याच्या जागी जायचं असतं. चारही रेषा मध्यातून जातात. कोपरे मध्याकडे आणायचे तर बॉक्स लहान दिसायला हवा, म्हणून हात वळायचं सोडून मागे-मागेच जात राहतो. फ्रेंच संशोधक फ्रांस्वा शोमेत यांनी 1998 मध्ये हा घोळ दाखवून दिला होता. उपाय सोपा: आधी वळवून घ्या, मग सरकवा. आणि बॉक्सच्या एका कोपऱ्यावर ठळक खूण छापा, नाहीतर कुठला कोपरा कुठला हेच कॅमेऱ्याला कळणार नाही.

तिसरं, नमुना फोटो. "बरोबर बसलेला बॉक्स असा दिसतो" हे सुरुवातीला एक फोटो काढून शिकवावं लागतं. तोच 3 मिलिमीटर वाकडा काढला, तर हात प्रत्येक बॉक्सवर इमानदारीने 3 मिलिमीटर वाकडं स्टिकर लावेल. आणि स्क्रीनवर चूक दिसेल शून्य! म्हणून पहिले दहा बॉक्स पट्टीने स्वतः मोजा.

डेमो बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी करा. हात निघाल्यावर बॉक्स दोन इंच ढकला. बॉक्सखाली एक पुस्तक ठेवा. मग चकचकीत प्लास्टिक गुंडाळलेला बॉक्स ट्यूबलाइटखाली ठेवा, कारण चमक आली की कोपरे हरवतात. ढकललेल्या बॉक्सच्या मागे हात वळला, पुस्तक ठेवूनही स्टिकर जागेवर बसलं आणि कोपरे हरवल्यावर हात अंदाजाने न जाता थांबला, तर बोलणी पुढे न्या. जुन्या जागीच जाऊन स्टिकर दाबलं, तर तो एकदाच फोटो काढून डोळे मिटून चालणारा हात आहे. त्याला सर्वोइंगचा भाव देऊ नका.