इस्पिकची पंजी आणि चौकटचा एक्का

ब्रिजमध्ये बोली संपली की डिक्लेअररच्या डाव्या हाताला बसलेल्या खेळाडूला पहिली उतारी करावी लागते. डमीची पाने अजून मिटलेली असतात, त्यामुळे हाताशी फक्त स्वतःची तेरा पाने आणि नुकतीच झालेली बोली, एवढेच. काँट्रॅक्ट ‘तीन नो ट्रम्प’चे असेल तर बहुतेक खेळाडू आपला सर्वांत लांब रंग काढतात. तो कधी काढायचा, त्यातले कुठले पान टाकायचे आणि कधी तो रंग हातातच ठेवायचा, यावर पुढचा डाव ठरतो.

तीन नो ट्रम्पमध्ये डिक्लेअररला तेरापैकी नऊ हात करायचे असतात. बचाव करणाऱ्यांनी पाच हात केले की तो बुडाला. हुकूम नसल्यामुळे एखाद्या रंगातली मोठी पाने संपली की त्याच रंगाची उरलेली तिर्रीसुद्धा हात करून जाते. ती कापायला कोणी नसते. म्हणून पाच पानी रंग मोलाचा. पण डिक्लेअररलाही आपला लांब रंग उभा करायचाच असतो. दोन्ही बाजूंची ही शर्यत असते आणि पहिली उतारी मिळाल्याने बचाव करणारे एक पाऊल पुढे असतात.

एक डाव पाहू. दक्षिणेने ‘एक नो ट्रम्प’ म्हटले. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन आणि गुलामाचा एक असा हिशेब धरला, तर या बोलीचा नेहमीचा अर्थ 15 ते 17 गुण. उत्तरेने थेट ‘तीन नो ट्रम्प’ म्हटले आणि सगळे पास झाले. उतारी पश्चिमेची. तिची पाने अशी :

इस्पिक : राजा, गुलाम, 8, 5, 3
बदाम : गुलाम, 9, 4
चौकट : एक्का, 6
किलवर : 9, 7, 2

पश्चिमेने इस्पिकची पंजी टाकली. लांब रंगातले वरून चौथे पान टाकण्याचा हा रिवाज व्हिस्टच्या काळापासून चालत आला आहे. राजा टाकला नाही, कारण भिडूकडे राणी किंवा एक्का असेल तर त्याच्याकडून काम करून घ्यायचे आणि आपली मोठी पाने पुढच्या फेऱ्यांसाठी राखायची. राजा, राणी, गुलाम अशी सलग पाने असती तर मात्र वरचेच पान टाकायला हवे होते. तिथे लहान पान टाकले तर डिक्लेअरर दश्शीवर फुकटचा हात मारून नेतो.

उत्तरेची पाने आता उघडी झाली :

इस्पिक : 9, 4
बदाम : राणी, 7, 3
चौकट : राजा, राणी, गुलाम, 9, 4
किलवर : राजा, 6, 5

पूर्वेकडे इस्पिकची राणी, सत्ती आणि छक्की आहे. पंजी दिसताच पूर्वेचा खेळाडू मनात अकरातून पाच वजा करतो : सहा. उरलेल्या तिघांकडे पंजीहून मोठी इतकीच पाने आहेत. हिशेब सरळ आहे. कुठल्याही रंगात पंजीच्या वर नऊ पाने असतात, आणि पंजी हे चौथे पान असेल तर त्यांतली तीन उतारी करणाऱ्याकडेच असतात. डमीत नव्वी दिसते, पूर्वेच्या स्वतःच्या हातात तीन आहेत. म्हणजे डिक्लेअररकडे मोठी पाने दोनच. हाच हिशेब डिक्लेअररलाही येतो, ही चौथ्या पानाची किंमत. तरीही भिडूला मिळणारी माहिती सहसा जास्त उपयोगी पडते.

पूर्वेने राणी टाकली. दक्षिणेकडे इस्पिकचा एक्का, दश्शी आणि दुर्री होती. तिने एक्का राखून दुर्री दिली. पूर्वेने सत्ती परत केली, दक्षिणेची दश्शी, तिच्यावर पश्चिमेचा गुलाम. बचावाचे दोन हात झाले. पश्चिमेने पुन्हा इस्पिक खेळले, तेव्हा दक्षिणेला एक्का घ्यावाच लागला. आता इस्पिकची दोनच पाने उरली होती, दोन्ही पश्चिमेकडे आणि दोन्ही पक्की.

दक्षिणेकडे बदामचे एक्का, राजा आणि किलवरचे एक्का, गुलाम आहेत. इस्पिकचा एक, बदामचे तीन आणि किलवरचे दोन असे सहा हात तयार आहेत. किलवरची राणी पूर्वेकडे आणि पाने तीन-तीन वाटलेली असल्याने तिथून आणखी दोन निघतील, तरी बेरीज आठच. चौकट उघडल्याशिवाय नववा हात नाही. दक्षिणेने चौकट खेळताच पश्चिमेने विलंब न करता एक्का मारला आणि इस्पिकचे दोन्ही हात वाजवले. आधीचे दोन, चौकटचा एक आणि हे दोन, मिळून पाच. काँट्रॅक्ट एका हाताने बुडाले. पश्चिमेने इथे चौकटचा एक्का एक फेरी दाबून ठेवला असता, तर डिक्लेअररला तोच एक हात मिळाला असता आणि किलवरच्या चारांसह नऊ पुरे झाले असते.

सुरुवातीलाच बदामची उतारी झाली असती, तर दक्षिणेने हात घेऊन लगेच चौकट सोडवली असती. पश्चिम एक्का मारून इस्पिककडे वळेपर्यंत डिक्लेअररचे चौकटचे चार, बदामचे तीन, किलवरचे दोन आणि इस्पिकचा एक असे दहा हात तयार.

आता याच डावात एकच बदल करू : चौकटचा एक्का पूर्वेला द्या आणि त्याबदल्यात तिची अठ्ठी पश्चिमेला. पहिल्या तीन फेऱ्या तशाच होतात. दक्षिण दोनदा हात सोडते आणि तिसऱ्यांदा एक्का घेते. मग चौकट खेळल्यावर पूर्व एक्का मारते, पण तिच्याकडे इस्पिक उरलेलेच नाही. पश्चिमेची दोन पक्की पाने अडकून पडतात, कारण त्या हातात पुन्हा शिरायला वाट नाही. बचावाचे हात तीनच आणि डिक्लेअररचे दहा. दक्षिणेने एक्का घाईने पहिल्या किंवा दुसऱ्याच फेरीत घेतला असता, तर पूर्वेकडे परत करायला इस्पिक राहिले असते आणि काँट्रॅक्ट बुडाले असते.

म्हणून रंगाची लांबी मोजताना ‘मी परत कसा आत येणार?’ हा प्रश्नही विचारावा लागतो. वरच्या दुसऱ्या हातातही पश्चिमेने इस्पिकच काढावे, कारण रंग भक्कम आहे आणि भिडूची थोडी मदत किंवा डिक्लेअररची चूक पुरेशी ठरते. पण समजा, पाच पानी रंग चौकटचा आहे, त्यात सर्वांत मोठे पान दश्शी, इस्पिकमध्ये गुलाम-नव्वी अशी दोनच पाने आणि बाकी सगळी किरकोळ. एकूण गुण एक. ती चौकट उभी करायला तीन-चार फेऱ्या लागतील आणि तोवर हातात शिरायला एकही पान नाही. प्रतिस्पर्ध्यांकडे साधारण पंचवीस-सव्वीस गुण धरले तर भिडूकडे तेरा-चौदा निघतात. आत येण्याच्या वाटा सगळ्या त्याच्याकडे. तेव्हा त्याचा लांब रंग शोधायचा.

तो इस्पिक किंवा बदाम असण्याची शक्यता जास्त, आणि हे बोलीतून कळते. उत्तरेकडे चार इस्पिक किंवा चार बदाम असते, तर तिने थेट तीन नो ट्रम्पवर उडी मारण्याआधी बहुधा त्यांची चौकशी केली असती. म्हणून इथे इस्पिकचा गुलाम टाकणे बरे. डेव्हिड बर्ड आणि टाफ अँथियास यांनी नो ट्रम्पवरच्या उताऱ्यांची संगणकावर हजारो डावांत तुलना केली आणि ती 2011 साली पुस्तकरूपाने मांडली. अशा बोलीवर दुबळ्या लांब चौकट किंवा किलवरपेक्षा इस्पिक-बदामची दोन पानी उतारी पुष्कळदा सरस ठरते, असे त्यांना आढळले. मात्र त्यांच्या संगणकाला पहिल्या पानानंतर चारही हात दिसत होते आणि तो एकही चूक करत नव्हता. टेबलावरचा डिक्लेअरर इस्पिकचा एक्का पहिल्याच फेरीत घेऊन मोकळाही होऊ शकतो.