सगळ्यात शेवटी गोठायचं, ते रायझरनं

पोलादी ओतकाम वाळूच्या साच्यातून काढलं की त्याच्या डोक्यावर एक जाडजूड खुंट दिसतो. हा रायझर. तो कापायचा आणि पुन्हा भट्टीत टाकायचा. नवख्याला ही निव्वळ उधळपट्टी वाटते.

पोलाद द्रवाचं घन होताना सुमारे 3 टक्के आकसतं. तेवढा धातू कुठून तरी मिळायलाच हवा, नाहीतर आत पोकळी राहते. त्यात गोठणंही सरळ होत नाही. साच्याच्या भिंतीपासून स्फटिक आत वाढतात ते नेच्याच्या पानासारखे, दांड्याला फांद्या आणि फांद्यांना उपफांद्या काढत. यांना डेंड्राइट म्हणतात. फांद्यांमधल्या फटींतून द्रव झिरपतो तोवर तूट भरून निघते. फटी बुजल्या की पलीकडचा भाग उपाशी राहतो आणि तिथे बारीक छिद्रं पडतात. काप घेऊन भिंगातून पाहिलं तर अशा छिद्राच्या भिंती खडबडीत असतात, फांद्यांची टोकंही दिसतात. वायूमुळे पडलेलं छिद्र मात्र गोल, गुळगुळीत. हा फरक आधी ओळखावा, कारण वायूचा दोष रायझर वाढवून जात नाही.

वाढणारा स्फटिक कार्बन, गंधक, फॉस्फरस पूर्णपणे सामावून घेत नाही. उरलेलं द्रवात ढकलतो. त्यामुळे जो भाग शेवटी गोठतो, तिथेच ही घाण साचते. सौम्य सल्फ्युरिक आम्लात भिजवलेला फोटोचा कागद घासलेल्या कापावर दाबला, की गंधकाच्या जागी तपकिरी डाग उमटतात.

म्हणजे पोकळी असो वा घाण, दोन्ही शेवटच्या द्रवात जातात. तो शेवटचा द्रव रायझरमध्ये असावा, एवढीच सगळी युक्ती. कोण केव्हा गोठेल हे चवोरिनोव्ह यांच्या 1940च्या नियमावरून काढतात: घनफळाला थंड होणाऱ्या पृष्ठफळानं भागा; येणाऱ्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो.

20 × 20 × 10 सेंटिमीटरचा ठोकळा घ्या. घनफळ 4000, पृष्ठफळ 1600, भागाकार 2.5. रायझरचा भागाकार 1.2 पट, म्हणजे 3 ठेवायची रीत आहे. मग तो 1.44 पट वेळ द्रव राहतो. उंची आणि व्यास सारखे असलेल्या, ठोकळ्यावर बसवलेल्या रायझरला त्यासाठी 15 सेंटिमीटर व्यास लागतो आणि घनफळ भरतं सुमारे 2650. दोघांची मिळून तूट 200 घनसेंटिमीटर. साध्या वाळूतला असा रायझर आपल्या घनफळाच्या 14 टक्के, म्हणजे 370 देऊ शकतो. पुरतं! त्यातल्या त्यात, वरच्या तोंडावर उष्णतारोधक पूड टाकली तर रायझर लहानही करता येतो.

हे गणित पोलादाचं. कोल्हापूरच्या फौंड्र्यांत जे करडं बीड ओतलं जातं, त्यात गोठताना ग्रॅफाइट फुगतो आणि बरीचशी तूट आतूनच भरतो. पण साचा ढिला ठोकला असेल तर भिंती मागे सरकतात आणि तो फुगवटा वाया जातो. तेव्हा बिडात पोकळी दिसली तर रायझर मोठा करण्याआधी वाळूचा कडकपणा मोजा.