बुटांच्या दोन जोड्या, पायांची एकच

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांचे बरेचसे किलोमीटर भर पावसाळ्यात पडतात. सकाळी चिंब झालेला बूट दुसऱ्या पहाटे हातात घ्यावा तर आतला तळवा अजून ओलसर, नाकाला कुबट वास. दुसरी जोडी आणावी हा विचार बहुतेकांना अशाच एखाद्या पहाटे सुचतो. दुकानदारही सांगतो, आलटूनपालटून वापरा, दुखापत टळेल आणि बूट जास्त टिकतील. यातलं पहिलं बरंचसं पटण्यासारखं आहे. दुसरं मात्र तपासून घ्यायला हवं.

लक्झेंबर्गच्या संशोधकांनी २६४ हौशी धावकांवर २२ आठवडे लक्ष ठेवलं. एकापेक्षा जास्त जोड्या आलटूनपालटून वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी दिसला. आकडा मोठा आहे, पण कोणी किती जोड्या वापरायच्या हे धावकांनी स्वतःच ठरवलं होतं, चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली नव्हती. जास्त जोड्या बाळगणारे मुळातच जुनेजाणते असू शकतात. म्हणून मी याला भक्कम पुरावा म्हणणार नाही, चांगला इशारा म्हणेन.

त्यामागचं कारण मला पटतं. धावण्याच्या दुखापती बहुधा एकाच जागी तोच ताण हजारो वेळा पडून होतात. टाच बोटांपेक्षा १० मिलिमीटर उंच असलेल्या बुटात गुडघ्यावर भार तुलनेने जास्त येतो. ४ मिलिमीटरच्या बुटात तो पोटरीकडे आणि टाचेमागच्या शिरेकडे सरकतो. म्हणजे बूट बदलला की ताणाची जागा बदलते. एकाच मॉडेलच्या दोन जोड्या घेतल्या तर हा फायदा मिळत नाही. उलट, सपाट बुटाची सवय नसताना त्यात पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर धावलात, तर पोटरी धरणारच. आधी दोन-तीन किलोमीटर, मग आठवड्या-आठवड्याने वाढवायचं.

आता टिकण्याचं. समजा तुम्ही आठवड्याला ३० किलोमीटर धावता आणि जोडी ७०० किलोमीटर चालते. एकच असेल तर ती साधारण २३ आठवड्यांत संपेल, दोन असतील तर ४६. पैसे मात्र दुप्पट गेले. फोममधले हवेचे बारीक कप्पे पावलागणिक चेपत जातात. एक दिवस विश्रांती दिली की ते थोडे सावरतात, पण कायमची चेप भरून निघत नाही. बूट झिजतो तो किलोमीटरने.

पावसाळ्यात मात्र दुसऱ्या जोडीचा खरा उपयोग होतो. ओला बूट रोज वापरला तर डिंक सुटतो, अस्तर कुजतं, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. आतला तळवा काढून वेगळा ठेवा, बुटात वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी ते बदला आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा गॅसजवळ नको, तिथे डिंक आणि फोम दोन्ही बिघडतात.

जोडी केव्हा काढायची, हे खालचा रबर सांगत नाही. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. तो एका बाजूला कलत असेल, फोमच्या कडेला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील आणि अंगठ्याने दाबल्यावर तो दगडासारखा लागत असेल, तर ती जोडी बाजारहाटाला ठेवा. बूट घेतल्याची तारीख जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवली, तर कोणती जोडी किती जुनी झाली याचा हिशेब लागतो.