पदवी नसलेल्या प्रोग्रॅमरचा रेझ्युमे: ऐकीव आणि खरे

पदवी नसेल तर शिक्षणाचा रकाना गाळावा किंवा 'बी.एससी. सुरू आहे' असे ठोकून द्यावे, हा सल्ला स्वतः प्रोग्रॅमिंग शिकलेल्या मुलामुलींना फार मिळतो. तो ऐकू नये. मोठ्या कंपन्या ऑफर दिल्यानंतर बाहेरच्या एजन्सीकडून कागदपत्रे तपासून घेतात. खोटे निघाले तर रुजू झाल्यावरही नोकरी जाते. 'बारावी (विज्ञान), 2019' असे खरे तेच लिहावे, मात्र पानाच्या तळाशी. वरची जागा कामाची.

'पदवीशिवाय कोणी घेतच नाही' हे अर्धेच खरे आहे. फ्रेशर भरतीत जिथे पदवी आणि टक्केवारीची अट असते, तिथे अर्ज पहिल्याच चाळणीत अडकतो आणि रेझ्युमे कितीही चांगला असला तरी उपयोग होत नाही. पण लहान प्रॉडक्ट कंपन्या आणि स्टार्टअपमध्ये अनेकदा रेझ्युमे थेट टीम लीडच्या हाती पडतो. झोहोसारखी मोठी कंपनी तर बारावी आणि डिप्लोमा झालेल्यांना स्वतःच्या संस्थेत शिकवून कामावर घेत आली आहे.

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज प्रोजेक्टच्या संख्येचा आहे. टू-डू लिस्ट, हवामान ॲप, नेटफ्लिक्सची नक्कल अशी दहा नावे वाचून टीम लीडला एवढेच कळते की उमेदवाराने दहा ट्युटोरियल पाहिली. एकच प्रोजेक्ट घ्या, पण तो कोणीतरी खरोखर वापरत असावा. समजा, लातूरकडच्या एका मुलीने खताच्या दुकानासाठी उधारीची नोंदवही बनवली. रेझ्युमेत ती लिहिते, 'रिॲक्ट आणि नोड वापरून फुल-स्टॅक ॲप बनवले.' यातून काहीच कळत नाही. खरी गोष्ट अशी होती: दुकानात नेट जात-येत असे, म्हणून नोंद आधी फोनवर साठायची आणि मग सर्व्हरवर जायची. कधी नोंद सर्व्हरवर पोहोचायची, पण पोच परत येण्याआधी नेट जायचे. फोन तीच नोंद पुन्हा पाठवायचा आणि शेतकऱ्याच्या नावावर उधारी दोनदा चढायची. तिने प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा आयडी दिला आणि तोच आयडी डेटाबेसमध्ये दुसऱ्यांदा शिरणार नाही असे बंधन घातले.

हेच रेझ्युमेत यायला हवे, तीन ओळींत: कोणासाठी बनवले, काय बिघडले, कसे दुरुस्त केले. शिवाय दुकान ते किती महिने वापरते आहे, तेही लिहावे. मुलाखतीतले पुढचे प्रश्न याच ओळींतून निघतात आणि त्यांची उत्तरे तिच्याकडे असतात.

लिंक दिली की काम दिसते, असेही धरून चालू नये. हेरोकूची मोफत सोय नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झाली आणि कित्येक रेझ्युमेंतल्या लिंक मेल्या. रेंडरच्या मोफत सेवेवरचे ॲप पंधरा मिनिटे कोणी फिरकले नाही तर झोपी जाते आणि पुन्हा उठायला मिनिटभर घेऊ शकते. रिक्रूटर तोवर कोऱ्या स्क्रीनसमोर थांबत नाही. म्हणून पहिले पान स्टॅटिक ठेवावे, म्हणजे ते लगेच उघडते. त्यावरच डेमोचे लॉगिन द्यावे. डेमोत शेतकऱ्यांची खरी नावे आणि रकमा ठेवू नयेत; जाणकार माणूस ते पाहताच सावध होतो.

ओपन सोर्सच्या बाबतीत गिटहबवरच्या हिरव्या चौकटींचे फार कौतुक असते. पण गिटमध्ये कमिटची तारीख हवी ती घालता येते आणि नुसत्या फोर्कमध्ये केलेले कमिट त्या आलेखात मोजलेच जात नाहीत. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्टसाठी रीडमीतले एखाद-दोन शब्द बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टचा पूर आला, तेव्हा महोत्सव चालू असतानाच आयोजकांना नियम बदलावे लागले. वजन असते ते स्वीकारलेल्या कामाला. स्वतःची यादी गिटहबच्या शोधपट्टीत अशी निघते:

```
is:pr is:merged author:username
```

(`username` च्या जागी आपले नाव.) त्यातले एक-दोन निवडून थेट लिंक द्यावी. समजा, लातूरकडच्या त्याच मुलीला तारखांच्या लायब्ररीत देवनागरी अंक चुकीचे वाचले जाताना दिसले, तिने आधी ती चूक पकडणारी टेस्ट लिहिली, मग दुरुस्ती केली आणि मेंटेनरने सुचवलेले बदल करून ती मर्ज करून घेतली, तर त्या पानावरची चर्चाच तिची साक्ष आहे. अनोळखी लोकांसोबत ती कसे काम करते, हे तिथे दिसते.

'जावास्क्रिप्ट 85%' अशा पट्ट्या आणि दोन रकान्यांची नक्षीदार मांडणी मात्र काढून टाकावी. 85% म्हणजे कशाच्या, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि अर्ज वाचणारी सॉफ्टवेअर दोन रकान्यांतल्या ओळी कधी कधी एकमेकांत मिसळतात. तपासायचे तर पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. प्रोजेक्टची ओळ, तिची लिंक आणि मर्ज झालेली पुल रिक्वेस्ट तिथेही त्याच क्रमाने वाचता आली, तर फाइल पाठवायला तयार आहे.