डिसेंबरात चालणारी पेटी मे महिन्यात का रुसते?

नागपुरात तुरीची डाळ करणाऱ्या गिरण्या पुष्कळ आहेत. ऐन मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास अशा एखाद्या गिरणीत तुम्ही गेलात, तर एक गंमत हमखास पाहावयास मिळेल. भिंतीवर राखी रंगाची एक लोखंडी पेटी असते. तिच्यावर विजेचे लाल चिन्ह आणि 'दार बंद ठेवा' अशी ठळक सूचना असते. आणि नेमके त्याच पेटीचे दार सताड उघडे टाकलेले असून तिच्यासमोर एक उंच उभा पंखा भरधाव फिरत असतो! गिरणीतली माणसे घामाने निथळत असतात, पण वारा मात्र पेटीला!

ही पेटी म्हणजे गिरणीतल्या मोटारींचे नियंत्रण करणारे पॅनेल. दार बंद ठेवले तर दुपारी मोटार आपोआप बंद पडते आणि पेटीतल्या यंत्राच्या पडद्यावर 'तापमान जास्त' अशा अर्थाची खूण उमटते. दार उघडले की काम चालू होते. असे का होते आणि यावर दार उघडण्यापेक्षा चांगला उपाय कोणता, ते आज पाहू.

पेटीत काय असते? समजा, गिरणीत १० अश्वशक्तीची एक मोटार आहे. तिचा वेग हवा तसा कमीजास्त करणारे एक इलेक्ट्रॉनिक उपकरण पेटीत बसवलेले असते. कारागीर त्याला नुसते 'ड्राइव्ह' म्हणतात. १० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७,५०० वॉट. ही सगळी वीज ड्राइव्हमधून जाते आणि जाता जाता तिच्यातली शेकडा तीनच्या आसपास वीज उष्णतेच्या रूपाने ड्राइव्हमध्येच राहते. शेकडा तीन म्हणजे फारच थोडी असे वाटेल. पण ७,५०० चे ३ टक्के म्हणजे २२५ वॉट. त्यात इतर लहानसहान उपकरणांचे ५० वॉट मिळवा. एकूण झाले २७५ वॉट. जुन्या पद्धतीचे शंभर वॉटचे पावणेतीन दिवे कपाटात कोंडून दिवसभर पेटते ठेवावेत, तसाच हा प्रकार.

ही उष्णता जाणार कोठे? पेटी बंद असेल तर तिला एकच वाट उरते. ती आतल्या हवेला तापवते, हवा पत्र्याला तापवते आणि पत्रा बाहेरच्या हवेला. पत्रा रंगवलेला असून भोवतालची हवा संथ असेल, तर दर चौरस मीटर पत्र्यातून दर अंश फरकामागे साधारण साडेपाच वॉट उष्णता बाहेर पडते. 'फरकामागे' हा शब्द महत्त्वाचा आहे. आतले आणि बाहेरचे तापमान सारखे असेल तर काहीच बाहेर पडत नाही.

आपली पेटी १.२ मीटर उंच, ०.८ मीटर रुंद आणि ०.३ मीटर खोल आहे असे धरू. समोरची बाजू, दोन कडा आणि माथा यांचे क्षेत्रफळ तुम्ही स्वतः काढून पाहा. ते १.९२ चौरस मीटर येते. पाठ भिंतीला टेकलेली असल्याने तिचा आणि तळाचा उपयोग थोडाच. तेव्हा सोयीसाठी २ चौरस मीटर धरू. म्हणजे दर अंश फरकामागे ही पेटी ११ वॉट बाहेर टाकते. आत तर २७५ वॉट तयार होतात. म्हणून आतले तापमान चढत जाते आणि बाहेरच्यापेक्षा २५ अंशांनी वर गेले की थांबते, कारण ११ गुणिले २५ म्हणजे बरोबर २७५.

आता कोडे सुटू लागते. पेटी बसवणाऱ्याने ती डिसेंबरच्या एका सकाळी चालवून दाखवली. बाहेर २२ अंश, म्हणून आत ४७. आपल्या ड्राइव्हची मर्यादा ५० अंशांची आहे, तेव्हा सारे झकास! मालकाने समाधानाने पैसे चुकते केले. मे महिन्यात बाहेर ४५ अंश झाले. फरक तोच २५ अंशांचा, म्हणून आत ७०. ड्राइव्हने स्वतःला बंद करून घेतले नसते तरच नवल! आणि ते बंद पडले नाही तरीही नुकसान व्हायचे ते होतच असते. ड्राइव्हमधील काही कपॅसिटरांत द्रव असतो आणि तो हळूहळू सुकत जातो. तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा अनुभवाचा ठोकताळा आहे.

मग दार उघडले तर काय बिघडले? त्यासाठी पेटीवर कोरलेला एक आकडा वाचावयास हवा. 'आयपी ५४' असे काहीतरी तेथे लिहिलेले आढळेल. हा आकडा चोपन्न असा वाचू नका. पाच आणि चार असा सुटा सुटा वाचा. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकात या अंकांचे अर्थ ठरवून दिले आहेत आणि भारतानेही तेच मानक स्वीकारले आहे. पहिला अंक घन वस्तूंविषयीचा. २ असेल तर माणसाचे बोट आतल्या धोक्याच्या भागापर्यंत पोचत नाही. ४ असेल तर एक मिलिमीटर जाडीची तारही शिरत नाही. ५ असेल तर धूळ थोडी शिरेल, पण काम बिघडण्याइतकी नाही. आणि ६ असेल तर धूळ मुळीच नाही. परीक्षा घेताना पेटीभोवती चक्क टाल्कम पावडर उडवतात! दुसरा अंक पाण्याविषयीचा. ४ म्हणजे कोणत्याही बाजूने पाण्याचे शिंतोडे उडाले तरी चालतील, ५ म्हणजे नळीच्या फवाऱ्यालाही हरकत नाही.

डाळीच्या गिरणीत हवेत सतत चुनीची बारीक भुकटी तरंगत असते. दार उघडले की पेटीच्या त्या पाच-चारचे शून्य-शून्य झाले. वर तो पंखा ही भुकटी आत ढकलतो. ती ड्राइव्हच्या पात्यांवर गोधडीसारखी बसते आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. म्हणजे थंड करण्याचा उपाय चार आठवड्यांत ताप वाढवणारा ठरतो. जूनमध्ये हवा दमट झाली की तीच भुकटी ओली होऊन वीज नको तेथे वाहू देते. उबेला येणारी एखादी पाल दोन तारांवर आडवी पडली तर मोठाच धमाका. माणसाच्या हाताचा धोका तर सांगावयासच नको.

बरे, बंद पेटीच मोठी केली तर? आपल्याला ४५ अंशांत ५० च्या वर जायचे नाही, म्हणजे फक्त ५ अंशांचा फरक हाताशी आहे. २७५ वॉट घालवण्यासाठी १० चौरस मीटर पत्रा लागेल. घरातल्या दोन पोलादी कपाटांएवढी पेटी, आणि तीही एका ड्राइव्हसाठी! हा उपाय मालकाला पटणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.

तेव्हा पेटीतून हवा खेळती ठेवली पाहिजे, पण चुनी न येऊ देता. ५ अंशांचा फरक असताना पत्र्यातून ५५ वॉट जातातच. उरलेले २२० वॉट हवेने वाहून न्यावयाचे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आणि त्यात मे महिन्याची तापलेली हवा, त्यामुळे ती विरळ असते. अशी एक घनमीटर हवा एक अंशाने तापताना सुमारे १,१०० जूल उष्णता घेते. ५ अंशांनी तापली तर ५,५०० जूल. आपल्याला दर सेकंदाला २२० जूल घालवायचे आहेत, म्हणून दर सेकंदाला ०.०४ घनमीटर, म्हणजे ४० लिटर हवा हवी. मोठ्या दोन बादल्या भरून हवा, दर सेकंदाला! तासाला १४४ घनमीटर.

दुकानात जाऊन १५० चा पंखा आणाल तर मात्र फसाल. माहितीपत्रकातला आकडा बहुधा मोकळ्या पंख्याचा असतो. आपण त्याच्यापुढे धूळ गाळणारा फिल्टर लावणार आणि वर हवा बाहेर पडते तेथेही एक लावणार. चुनीने फिल्टर भरला की हवा आणखी रोडावते. म्हणून जाणकार माणूस येथे २५० ते ३०० चा पंखा घेईल. तो पंखा दाराच्या खालच्या भागात बसवतात आणि हवा आत ढकलणारा ठेवतात. बाहेर ओढणारा ठेवला तर पेटीत दाब कमी होतो आणि जेथे फट सापडेल तेथून, फिल्टरला वळसा घालून, धूळ आत शिरते. हवा बाहेर पडण्याची जागा माथ्याजवळ, कारण गरम हवा आपणहून तिकडेच जाते. आणि पंख्याची व फिल्टरची चौकटही आयपी ५४ चीच हवी. पेटीचा दर्जा तिच्यातल्या सर्वांत कच्च्या भोकावरून ठरतो. तार आत आणताना पाडलेले एखादे भोक उघडे राहिले, तरी पेटीवरचा आकडा खोटा ठरतो.

नागपूरकर येथे विचारील, की कूलरची हवा का सोडू नये? तो खसाच्या कूलरवरच उन्हाळा काढतो. पण कूलरची हवा थंड असली तरी ओलसर असते, तिच्याबरोबर पाण्याचे तुषार आणि पाण्यातले क्षारही येतात. माणसाला त्याचे सुख वाटते, तांब्याच्या पट्ट्यांना नाही.

पंख्याची एक मर्यादा मात्र कधीच सुटत नाही. आत येणारी हवाच ४५ अंशांची असेल, तर कितीही मोठा पंखा पेटीला ४४ वर आणू शकत नाही. ड्राइव्हची मर्यादा ४० अंशांची असती तर आपला सगळा हिशेब फुकट गेला असता. तेथे पेटीचा वातानुकूलन यंत्रच लावावा लागतो. तो आतलीच हवा आत फिरवतो, त्यामुळे धुळीचा प्रश्न राहत नाही. पण आता एक उलटी गोष्ट घडते. आत ३५ आणि बाहेर ४५ असेल, तर पत्रा उष्णता बाहेर टाकण्याऐवजी आत घेऊ लागतो. ११ गुणिले १० म्हणजे ११० वॉट! यंत्राला २७५ ऐवजी ३८५ वॉट ओढावे लागतात. मघाशी मोठा पत्रा आपला मित्र होता, तो येथे शत्रू झाला.

मला स्वतःला आणखी एक युक्ती अधिक आवडते. ड्राइव्हची बहुतेक उष्णता त्याच्या पाठीमागच्या पात्यांच्या ॲल्युमिनियम ठोकळ्यात उतरते. काही ड्राइव्ह असे बसवता येतात, की पेटीच्या पाठीला चौकोनी भोक पाडून हा ठोकळा बाहेर काढायचा आणि कडेने रबरी पट्टी लावून भोक बुजवायचे. अर्थात मग पेटी भिंतीपासून पुढे घ्यावी लागते. २२५ पैकी दोन-तृतीयांश, म्हणजे १५० वॉट बाहेरच्या बाहेर गेले तर आत उरतात १२५. त्यांतले ५५ पत्रा नेतो. उरलेल्या ७० वॉटना सेकंदाला १३ लिटर हवा पुरते. पंखा लहान, फिल्टर लहान, आत येणारी धूळही कमी. बाहेरची पाती मात्र दर आठवड्याला ब्रशने झाडावी लागतात.

आता शेवटचा प्रश्न. नवी पेटी मे महिन्यात टिकेल की नाही, हे कळायला मे महिना उजाडण्याची वाट पाहावयास हवी का? मुळीच नाही. जानेवारीतही मोटार पूर्ण भाराने दोन-तीन तास चालवा. एक तापमापक पेटीच्या आत माथ्याजवळ आणि दुसरा बाहेर सावलीत, हवा आत घेणाऱ्या फिल्टरजवळ ठेवा. दोन्हींतला फरक वाचा आणि तो ४५ मध्ये मिळवा. फरक ५ अंशांचा आला तर मे महिन्यात आत ५० होतील. १२ आला तर ५७, म्हणजे पेटी रुसणार हे नक्की. फिल्टर नवा असताना आलेला फरक दाराच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवावा. पुढे कधी तो वाढलेला दिसला, तर पेचकस हाती घेण्याआधी फिल्टर काढून झटकावा.