उंदीर मारण्याआधी पिसू मारा

गेल्या महिन्यात आमच्या गावातील एक आडत व्यापारी दवाखान्यात आले. दोन्ही पायांवर, घोट्यापासून पोटरीपर्यंत, लाल पुरळ उठले होते. रात्रभर खाज. विचारपूस केल्यावर कळले की गोदामात उंदीर फार झाले म्हणून त्यांनी चार दिवसांपूर्वी उंदराचे औषध टाकले होते. "उंदीर मेले डॉक्टर, पण हे काय नवीनच मागे लागलं?" असा त्यांचा प्रश्न. मी म्हटले, "शेठ, तुम्ही भाडेकरू मारलेत, आता त्यांच्या अंगावरचे पाहुणे तुमच्याकडे जेवायला आलेत." त्या पिसवाच होत्या. मलमाने व गोळ्यांनी ते बरे झाले. पण प्लेगच्या काळात हीच चूक जिवावर बेतते. ती का, हे आज समजून घेऊ.

प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. तो माणसाकडे कसा येतो हे बराच काळ ठाऊक नव्हते. १८९६ साली मुंबईत मांडवीच्या गोदाम भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले, तेव्हा दोष घाणीला आणि दूषित हवेला दिला जाई. १८९८ साली कराचीत पॉल लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी एका मोठ्या काचेच्या भांड्यात प्लेगने आजारी असलेला, पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला. वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते. खालचा उंदीर मेला आणि काही दिवसांनी वरचाही प्लेगनेच मेला. पिसवा नसलेल्या आजारी उंदराजवळ ठेवलेल्या उंदरांना मात्र काही झाले नाही. तरीही अनेक वर्षे सिमों यांच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही.

पिसू जंतू शरीरात घालते कशी, हे १९१४ साली लंडनमध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी दाखवले. पिसवेच्या अन्ननलिकेच्या शेवटी, जठराच्या तोंडाशी, एक छोटी झडप असते. तिच्या आत बारीक काटे असतात. आजारी उंदराचे रक्त प्यायल्यावर प्लेगचे जंतू या काट्यांत अडकतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. सुमारे एक ते तीन आठवड्यांत काही पिसवांच्या झडपेत या गोळ्याचे बूच बसते. सर्वच पिसवांत असे होत नाही, पण ज्यांच्यात होते त्यांची अवस्था भयंकर असते.

अशी पिसू रक्त ओढते, पण ते जठरात उतरतच नाही. बुचावर आदळून ताणलेल्या अन्ननलिकेतून ते परत फिरते आणि बुचाचे सुटलेले जंतू घेऊन चावलेल्या जागी जाते. पिसवेचे पोट भरत नाही. उपाशी असल्याने ती पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यात जंतू सोडते. बहुधा काही दिवसांतच ती उपासमारीने मरते. म्हणजे प्लेगचा जंतू पिसवेला उपाशी ठेवून तिच्याकडून आपली वाट करून घेतो.

आता ही गोष्ट उंदराशी जोडून पाहा. पिसू एका वेळी फारच थोडे रक्त पिते. त्यामुळे तिला जंतू मिळण्यासाठी उंदराच्या रक्तात ते प्रचंड संख्येने, एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी, असावे लागतात. तशी अवस्था उंदीर मरायला टेकल्यावरच येते. उंदीर मरून गार पडला की पिसवा त्याला सोडतात. जवळ दुसरा उंदीर असला तर त्याच्याकडे जातात. सगळेच उंदीर मेले असतील तर त्या माणसाला चावतात. पिसू फार उंच उडत नाही, म्हणून ती बहुधा पायालाच चावते, आणि त्यामुळेच प्लेगची गाठ बहुतेक वेळा जांघेत येते. गावात उंदीर आपोआप पडू लागले की साधारण एक-दोन आठवड्यांनी माणसे आजारी पडू लागत, हे जुन्या लोकांना अनुभवाने ठाऊक होते.

या रोगाचा ऋतूशीही संबंध आहे. पिसवेची अंडी व अळ्या उंदराच्या बिळात, धुळीत आणि धान्याच्या कोंड्यात वाढतात. अळ्या फार कोरड्या हवेत जगत नाहीत. शिवाय तापमान सुमारे २८ अंशांच्या वर गेले की झडपेतील बूच नीट बसत नाही. म्हणूनच पूर्वी उत्तर भारतात कडक उन्हाळा लागला की साथ ओसरत असे. मद्रास शहर बंदर असूनही तिथे प्लेग फारसा पसरला नाही, कारण तिथल्या उंदरांवर दुसऱ्या जातीच्या पिसवा जास्त होत्या. त्या झेनोप्सिला किऑपिस या मुंबईच्या पिसवेइतक्या सहज प्लेग पसरवत नाहीत.

मात्र बूच हे सगळे उत्तर नव्हे. बूच बसण्याआधी, रक्त प्यायल्यानंतर पहिल्या काही दिवसांतही पिसू रोग पसरवू शकते, असे अलीकडच्या संशोधनात आढळले आहे. आणि फुप्फुसाचा प्लेग तर खोकल्यातून माणसाकडून माणसाला होतो, त्याला पिसू लागत नाही.

१९९४ साली मी इंटर्नशिप करत होतो. बीड जिल्ह्यातील मामला गावात ऑगस्टमध्ये पिसवा फार झाल्याची आणि उंदीर मरत असल्याची तक्रार आली, त्यानंतर गाठीचे रुग्ण आढळले. १९९३ च्या भूकंपानंतर सोडलेल्या घरांत साठवलेल्या धान्यावर उंदीर माजले असावेत, असे तज्ज्ञांचे मत होते. सूरतच्या बातम्या आल्यावर आमच्याकडे लोक टेट्रासायक्लिनच्या गोळ्या शोधत फिरत. पण खरी सूचना गोळीत नव्हती, ती मेलेल्या उंदरात होती.

आमच्या व्यापारी मित्रांना मी दिलेला सल्ला असा. आधी बिळांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या वाटांवर कीटकनाशक पूड टाका. ती अन्नधान्यावर पडू देऊ नका. उंदीर त्यातून ये-जा करतात आणि पूड अंगावर घेऊन बिळात नेतात. पिसवा कमी झाल्यावर मग सापळे किंवा औषध. मेलेला उंदीर हाताने न धरता त्यावर पूड टाका, चिमट्याने पिशवीत घाला.

पण औषध न टाकताही एकापाठोपाठ उंदीर मरत असतील तर त्यांना हात न लावता लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. तेव्हा गावातील उंदरांना विष घालू नका. आणि अशा वेळी कुणाला एकाएकी थंडी-ताप येऊन जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली, तर उद्यापर्यंत थांबू नका. स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधे वेळेवर दिल्यास रुग्ण वाचतो.

भारतात त्यानंतरही २००२ साली हिमाचलात व २००४ साली उत्तराखंडात प्लेग आढळला. शेठजींना मी विचारले, "औषधापूर्वी उंदीर आपोआप मेले होते का?" ते म्हणाले, "नाही, चांगले धडधाकट होते." म्हणूनच मी त्या दिवशी निश्चिंत झालो.