एक बटण, दोन सिग्नल

दहा व्होल्टचा पुरवठा, एक बटण, एक किलोओहमचा रेझिस्टर आणि हजार मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर एकाच फेऱ्यात एकामागोमाग जोडा आणि बटण दाबा. त्या क्षणी या सर्किटमध्ये अगदी वेगळ्या स्वभावाची दोन व्होल्टेज जन्माला येतात. बटणाच्या पलीकडे सर्किटला मिळणारं व्होल्टेज शून्यावरून एकदम दहावर उडी घेतं आणि तिथेच राहतं. रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेजही दहावरच सुरू होतं, पण कपॅसिटर भरत जातो तसं ते उतरू लागतं. एका सेकंदानंतर ते ३.६८ व्होल्ट असतं, दोन सेकंदांनी १.३५, तीन सेकंदांनी अर्धा व्होल्ट आणि पाच सेकंदांनी जेमतेम ०.०७.

उडी घेऊन स्थिर राहणाऱ्या सिग्नलची उंची एक धरली की त्याला ‘युनिट स्टेप’ म्हणतात. तारयंत्रावर काम करत विद्युतशास्त्रात शिरलेला इंग्लिश संशोधक ऑलिव्हर हेविसाइड (१८५०–१९२५) याच्या नावाने ते फलन आजही ओळखलं जातं. दुसरा सिग्नल घातांकी ऱ्हासाचा. इथे त्याचं सूत्र असं आहे, अर्थात बटण दाबल्यानंतरच्या काळापुरतं:

v(t) = 10·e^(−t)

अभियांत्रिकीच्या वर्गात पहिल्याला ‘पॉवर सिग्नल’ आणि दुसऱ्याला ‘एनर्जी सिग्नल’ म्हणायला शिकवतात. बहुतेक विद्यार्थी ही विभागणी व्याख्येसारखी पाठ करून टाकतात. ती पाठ करण्याची गोष्ट नाही, मोजण्याची आहे, आणि मोजणीसाठी हे एवढंसं सर्किट पुरेसं आहे.

मोजायचं काय, ते आधी ठरवू. रेझिस्टरवर V व्होल्ट असतील, तर त्यात दर सेकंदाला V²/R इतकी ऊर्जा उष्णतेत जाते. सिग्नलची ‘ताकद’ मोजताना व्होल्टेजचा वर्ग घेतात, त्याचं मूळ इथे आहे. वर्ग केल्यामुळे उणे व्होल्टेजही अधिकातच धरलं जातं, कारण विजेचा प्रवाह उलटा वाहिला तरी रेझिस्टर तापतोच. प्रत्येक सर्किटचा R वेगळा असतो, म्हणून हिशेबात तो एक ओहम मानायचा. मग सिग्नलचा वर्ग करून सगळ्या काळावर त्याची बेरीज केली, म्हणजे वर्गाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढलं, की सिग्नलची एकूण ऊर्जा मिळते. शक्ती काढताना हीच बेरीज शून्याच्या आधीचे T सेकंद आणि नंतरचे T सेकंद एवढ्यावर करायची, 2T ने भागायची, आणि T वाढवत नेल्यावर उत्तर कुठे स्थिरावतं ते पाहायचं. एकूण ऊर्जा मर्यादित आणि शून्याहून जास्त आली, तर एनर्जी सिग्नल. ऊर्जा अमर्याद, पण सरासरी शक्ती मर्यादित आणि शून्याहून जास्त आली, तर पॉवर सिग्नल.

आता रेझिस्टरवरचा उतरता सिग्नल घेऊ. त्याचा वर्ग 100·e^(−2t). वर्ग केल्याने उतरण्याचा वेग दुप्पट झाला, आणि याचा परिणाम मोठा आहे. पहिल्या सेकंदाच्या शेवटी व्होल्टेज अजून सदतीस टक्के शिल्लक असतं, पण तोवर सुमारे ८६ टक्के ऊर्जा खर्च झालेली असते. दोन सेकंदांत ९८ टक्क्यांहून जास्त संपते. शेपूट गणितात अनंतापर्यंत जात असली, तरी तिच्याखालच्या क्षेत्रफळात फारशी भर पडत नाही. सगळी बेरीज बरोबर ५० येते, एकक व्होल्ट-वर्ग सेकंद.

हा आकडा नुसता कागदावरचा नाही. एक ओहम मानून आलेल्या ५० ला खऱ्या रेझिस्टरने, म्हणजे हजाराने, भागा. उत्तर ०.०५ ज्यूल. आता कपॅसिटरकडे पाहा. हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दहा व्होल्टपर्यंत भरला, की त्यात ½CV² म्हणजे ०.०५ ज्यूल साठतात. त्याच वेळात पुरवठ्याने एकूण ०.१ ज्यूल दिलेले असतात. त्यातले अर्धे कपॅसिटरमध्ये जातात आणि अर्धे रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन निघून जातात. सिग्नलच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ आणि भौतिकशास्त्राचा जमाखर्च असे तंतोतंत जुळतात. रेझिस्टर दोन किलोओहमचा घेतला तर व्होल्टेज उतरायला दुप्पट वेळ लागेल आणि सिग्नलची ऊर्जा १०० होईल, पण दोन हजाराने भागल्यावर पुन्हा ०.०५ च. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर उदाहरण हेच वाटतं. प्रत्यक्ष करून पाहणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची खरी धारकता छापलेल्या आकड्यापेक्षा बरीच, कित्येकदा वीस टक्क्यांपर्यंत, कमीजास्त असते. आधी ती मोजावी, मग हिशेब मांडावा.

याच सिग्नलची सरासरी शक्ती किती? ऊर्जा ५० वर थांबली, पण भाजक वाढतच राहतो. मागे-पुढे दहा सेकंद धरले तर ५० भागिले २०, म्हणजे २.५. शंभर सेकंद धरले तर ०.२५, हजार धरले तर ०.०२५. टोकाला शून्य. प्रत्येक एनर्जी सिग्नलचं असंच होतं, कारण मर्यादित रकमेला अमर्याद काळाने भागलं की काही उरत नाही.

स्टेपचं नेमकं उलटं. उंची दहा, वर्ग शंभर, आणि तो कधीच कमी होत नाही. T सेकंदांत बेरीज 100T होते, म्हणजे T वाढेल तशी ती सरळ रेषेत चढत जाते. ऊर्जा अमर्याद. पण 2T ने भागल्यावर T कटतो आणि ५० उरतात, T दहा असो वा दहा लाख. उंची एक असलेल्या युनिट स्टेपसाठी हेच उत्तर अर्धा येतं.

इथे दोन ठिकाणी गोंधळ होतो. दोन्ही सिग्नलना ५० हाच आकडा मिळाला, पण पहिला व्होल्ट-वर्ग सेकंद आहे आणि दुसरा नुसता व्होल्ट-वर्ग. ते एकमेकांशी ताडून पाहणं निरर्थक आहे. दुसरा गोंधळ त्या ‘अर्ध्या’चा. दहा व्होल्ट थेट एक किलोओहमवर लावले तर रेझिस्टर ०.१ वॅट खातो, मग सूत्र त्याच्या निम्मं का सांगतं? कारण सरासरीत बटण दाबण्याआधीचा काळही धरलेला आहे, आणि तेव्हा सिग्नल शून्य होता. बटण हजार सेकंद उशिरा दाबलं तरी उत्तर बदलत नाही. T पुरेसा मोठा झाला की त्या हजार सेकंदांचा वाटा नगण्य होतो आणि अर्धा काळ शून्य, अर्धा काळ दहा हेच प्रमाण राहतं. पण दहा व्होल्ट अनादी काळापासून होते असं मानलं, तर शक्ती पूर्ण १०० येईल.

सर्किटमधलं तिसरं व्होल्टेज कपॅसिटरवरचं. ते शून्यावरून हळूहळू दहापर्यंत चढतं, म्हणजे स्टेपमधून उतरता सिग्नल वजा केल्यावर उरतं तेवढं. त्याची बेरीज केली तर काही वेळाने ती 100T पेक्षा सुमारे १५० ने कमी राहते. 2T ने भागताना ही १५० ची तूट विरून जाते आणि शक्ती पुन्हा ५०. पॉवर सिग्नलमध्ये एनर्जी सिग्नल मिळवला किंवा वजा केला, तरी सरासरी शक्ती हलत नाही, ती याचमुळे. पण कपॅसिटरमध्ये तर ०.०५ ज्यूलच साठले होते, मग त्याच्या व्होल्टेजची ऊर्जा अमर्याद कशी? या प्रश्नापाशी ‘ऊर्जा’ या नावाची मर्यादा कळते. सिग्नलची ऊर्जा म्हणजे तेच व्होल्टेज एक ओहमच्या रेझिस्टरवर कायम लावून ठेवलं, तर जी उष्णता होईल ती. भरलेल्या कपॅसिटरमधून पुढे प्रवाहच जात नाही, त्यामुळे खरा खर्च थांबतो, पण कल्पनेतला एक ओहम मात्र तापतच राहतो. रेझिस्टरवरच्या व्होल्टेजचा हिशेब खऱ्या ज्यूलशी जुळला, कारण ते खरोखरच रेझिस्टरवर होतं.

परीक्षेत सर्वाधिक फसवणारी चूक सूत्र लिहितानाच होते. 10·e^(−t) लिहिलं आणि ‘बटण दाबल्यानंतरच’ ही अट गाळली, तर सिग्नल मागच्या काळातही पसरतो, आणि मागे जावं तसा तो प्रचंड वाढत जातो. दहा सेकंद आधी तो दोन लाख व्होल्टच्या वर असेल. ऊर्जाही अमर्याद, आणि भाजकापेक्षा बेरीज कितीतरी वेगाने वाढत असल्यामुळे शक्तीही अमर्याद. असा सिग्नल दोन्ही वर्गांत बसत नाही. कायम चढत जाणारा उतार, ज्याला रॅम्प म्हणतात, तोही नाही. त्यामुळे ‘एनर्जी नाही, म्हणजे पॉवर’ असं परस्पर ठरवता येत नाही, दोन्ही बेरजा करून पाहाव्या लागतात.

प्रयोगशाळेत अनंत काळ कोणालाच मिळत नाही. नोंद तासाभराची असेल तर तिची ऊर्जा मर्यादितच निघणार, मग सिग्नल कोणताही असो. तिथे उपाय असा, की प्रत्येक क्षणापर्यंतची ऊर्जेची चालती बेरीज काढून तिचा आलेख काढायचा. एनर्जी सिग्नलचा आलेख चढतो आणि सपाट होतो. स्टेपचा आलेख त्याच उताराने चढत राहतो.

आणि याच आलेखात एक नेहमीचा दोष पकडता येतो. समजा, रेझिस्टरवरचं उतरतं व्होल्टेज ज्या यंत्राने टिपलं, त्याचा शून्यच ०.१ व्होल्ट वर सरकलेला आहे. पडद्यावर दहा व्होल्टच्या शेजारी तो दिसणारही नाही. पण त्याचा वर्ग, ०.०१, दर सेकंदाला जमा होत राहतो आणि तासाभरात ३६ होतो. मूळ सिग्नल आणि हा सरकलेला शून्य यांच्या गुणाकाराचे आणखी २ येतात. ५० च्या जागी ८८ हाती लागतात, आणि ०.०५ ज्यूलचा ताळा चुकतो. चालत्या बेरजेचा आलेख पाहिला की कारण लगेच सापडतं. पाचेक सेकंदांत तो सपाट व्हायला हवा होता, त्याऐवजी सेकंदाला ०.०१ या उताराने तो वर जात असतो. म्हणजे एनर्जी सिग्नलच्या पोटात एक छोटा स्टेप शिरला आहे. नोंदीच्या शेवटच्या काही मिनिटांची सरासरी काढावी, ती पूर्ण नोंदीतून वजा करावी आणि मगच वर्ग करून बेरीज घ्यावी.